डोव्हटेल स्लाइडची रुंदी दोन रोलरवरून कशी मोजायची: क्रम, हिशेब आणि नेहमी होणाऱ्या चुका

लेथची क्रॉस स्लाइड नवीन बनवली, कटर चांगला होता, फिनिशही छान आलं, पण बसवल्यावर स्लाइड एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल. किंवा गिबचे सगळे स्क्रू आत नेले तरी स्लाइड डुलते. अशा वेळी दोष मिलिंगला दिला जातो. प्रत्यक्षात बहुतेकदा मोजण्यातच गडबड झालेली असते. रोलरची पद्धत आयटीआयमध्ये सगळ्यांनी शिकलेली असते आणि सूत्रही पाठ असतं. तरीही तेच सूत्र वापरून दोन माणसं एकाच जॉबची दोन उत्तरं काढतात. ते का होतं आणि कसं टाळायचं, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडलं आहे.

सगळा हिशेब एकाच जॉबवर करू. समजा यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, जिनिंगच्या सीझनआधी, एका लहान लेथच्या सॅडलवरचा मेल डोव्हटेल मिलिंगवर नव्याने कापायचा आहे. कोन ६० अंश, उंची १२ मिमी, माथ्याची रुंदी ६०.०० मिमी, लांबी १६० मिमी. आधी मेल भाग पूर्ण करू. फिमेल भागाचं थोडक्यात शेवटी बघू, कारण मेल नीट समजला की फिमेलमध्ये वेगळं फारसं काही उरत नाही.

## १. नेमकं काय मोजायचं आहे ते आधी ठरवा

डोव्हटेलला रुंद जागा आणि अरुंद जागा असते. मेल भागात रुंद जागा माथ्यावर, तर अरुंद जागा खाली, तिरपी बाजू जिथे आडव्या बैठकीला मिळते त्या कोपऱ्यात असते. अडचण अशी की दोन्ही जागा व्हर्नियरने खऱ्या मोजता येत नाहीत. माथ्याची धार चेंफर करून मोडलेली असते, त्यामुळे तिथे व्हर्नियर लावला तर माप कमीच येणार. खालच्या कोपऱ्यात कटरच्या टोकाची गोलाई असते किंवा मुद्दाम खोबणी दिलेली असते, म्हणून तिथे जबडा पोचत नाही.

रोलर हे दोन्ही कोपरे बाजूला ठेवतो. तो फक्त बैठकीला आणि तिरप्या बाजूला टेकतो, तेही कोपऱ्यापासून दूर. त्यावरून जी रुंदी निघते ती कोपरा अगदी टोकदार असता तर किती भरली असती, ती. आपण तिला S म्हणू. रोलरच्या बाहेरून घेतलेलं माप M, रोलरचा व्यास D, आणि तिरपी बाजू व बैठक यांच्यामधला लघुकोन α.

```
M = S + D × (1 + cot(α/2))
S = M − D × (1 + cot(α/2))
```

ड्रॉइंगवर माथ्याची रुंदी L आणि उंची h दिली असेल तर आधी S काढून घ्यायचा:

```
S = L − 2 × h × cot α
```

आपल्या जॉबसाठी cot ६०° म्हणजे ०.५७७३५. दोनदा १२ म्हणजे २४, त्याला याने गुणलं की १३.८५६. म्हणून S = ६०.००० − १३.८५६ = ४६.१४४ मिमी. हे आपलं लक्ष्य.

तपासणी: कॅल्क्युलेटरवर tan 45 दाबा. उत्तर १ आलं तरच पुढे जा. दुसरं काही आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये हे वारंवार होतं. cot चं बटण नसतं, म्हणून cot ३०° काढायला १ भागिले tan 30 करायचं.

चूक: सूत्रात अर्ध्या कोनाऐवजी पूर्ण कोन घालणं. तसं केलं तर उत्तर नऊ मिलिमीटरपेक्षा जास्त चुकतं, म्हणून ती लगेच लक्षात येते. घातक चुका त्या, ज्या दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या असतात. त्यांच्याकडे आता वळू.

## २. रोलर निवडा

हाताला लागेल तो रोलर चालत नाही. ६० अंशाच्या डोव्हटेलमध्ये रोलर तिरप्या बाजूला बैठकीपासून व्यासाच्या पाऊणपट उंचीवर टेकतो. ८ मिमीचा रोलर असेल तर ६ मिमीवर. आपल्या जॉबची उंची १२ मिमी आहे, म्हणजे तो बरोबर मध्यावर टेकेल, आणि हवंही तेच. फार लहान रोलर कोपऱ्याच्या गोलाईजवळ जातो. शिवाय तो माथ्याच्या टोकाखालीच लपतो आणि मायक्रोमीटरला सापडत नाही. फार मोठा रोलर माथ्याच्या मोडलेल्या धारेजवळ टेकतो. अंदाजासाठी उंचीच्या दोन तृतीयांश व्यास धरावा.

दुसरी अट बैठकीच्या रुंदीची. ८ मिमीचा रोलर बैठकीवर कोपऱ्यापासून सुमारे ७ मिमीवर टेकतो. बैठक त्याहून अरुंद असेल तर रोलरला खाली आधारच नाही. तो तिरप्या बाजूला आणि बैठकीच्या कडेला टेकेल, आणि माप दिसायला ठीक पण खोटं येईल. आपल्या जॉबची बैठक १४ मिमी आहे, म्हणून प्रश्न नाही. लहान कंपाउंड स्लाइडवर मात्र हे आधी बघून घ्या.

रोलर म्हणून सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे हार्डन आणि ग्राइंड केलेली डॉवेल पिन, ८ मिमी व्यासाची, ३० ते ४० मिमी लांब. जुन्या बेअरिंगमधले रोलर बहुतेक आखूड असतात, बैठकीवर तिरके होतात, आणि झिजलेले असतील तर मधोमध बारीक पट्टा पडलेला असतो. ड्रिलची दांडी तर अजिबात वापरू नका. तिच्यावर चकच्या जबड्यांचे ओरखडे असतात आणि तिच्या व्यासाचा भरवसा नसतो.

## ३. रोलरचा खरा व्यास मोजा, छापील नाही

हा टप्पा सगळ्यात जास्त गाळला जातो, आणि सगळ्यात जास्त जॉब इथेच बिघडतात.

८ मिमीची डॉवेल पिन ८.००० नसते. भोकात घट्ट बसावी म्हणून ती मुद्दाम जाड ठेवलेली असते. बाजारात नेहमी मिळणाऱ्या m6 पिनचा व्यास ८.००६ ते ८.०१५ च्या दरम्यान असतो. दहा मायक्रॉनने काय होतंय, असं वाटेल. पण सूत्र बघा. ६० अंशासाठी कंसातली बेरीज २.७३२ आहे. म्हणजे रोलरच्या व्यासातली चूक रुंदीत जाताना पावणेतीनपट होते. १० मायक्रॉनचे २७ मायक्रॉन झाले. स्लाइडचा सगळा खेळच तेवढ्या फरकाचा असतो.

कसं मोजायचं: ०–२५ चा मायक्रोमीटर आधी शून्यावर तपासा. पिन टोकाजवळ, मधोमध आणि दुसऱ्या टोकाजवळ मोजा, मग पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. सगळी मापं सारखी यायला हवीत. दोन्ही पिना एकमेकींशीही जुळायला हव्यात. साध्या ०.०१ च्या मायक्रोमीटरवर शेवटचा आकडा अंदाजाचा असतो. म्हणून जमलं तर पिनांची जोडी एकदाच ०.००१ वाचणाऱ्या मायक्रोमीटरवर मोजून आणा. जवळच्या टूल रूममध्ये किंवा आयटीआयच्या मेट्रॉलॉजी विभागात ते काम पाच मिनिटांचं आहे. आलेला आकडा पिनांच्या डबीवर लिहून ठेवा, आणि ती डबी इतर डॉवेल पिनांत मिसळू देऊ नका.

आपल्या जोडीचा व्यास ८.०१० निघाला असं धरू. मग

```
D × (1 + cot 30°) = ८.०१० × २.७३२०५ = २१.८८४
M = ४६.१४४ + २१.८८४ = ६८.०२८
```

म्हणजे काम पूर्ण झाल्यावर रोलरवरून ६८.०३ च्या आसपास माप यायला हवं.

तपासणी: ६० अंशात रोलरचा व्यास उंचीच्या नेमका दोन तृतीयांश असेल तर M हा माथ्याची रुंदी अधिक रोलरचा व्यास एवढाच येतो. आपल्याकडे पिन बरोबर ८ असती तर ६० + ८ = ६८.००. पिन दहा मायक्रॉन जाड आहे, म्हणून त्यात साधारण २७ मायक्रॉन वाढले. हिशेबाचा आकडा याच्या आसपास नसेल तर कुठेतरी बटण चुकलं आहे. हा ताळा फक्त ६० अंशालाच लागू पडतो.

## ४. कोन खरंच ६० अंश आहे का?

सूत्र कोनावर उभं आहे. कटरवर ६० लिहिलेलं असतं, पण हातावर पुन्हा धार लावलेल्या कटरचा कोन तेवढाच राहिला असेल असं नाही. शिवाय बऱ्याच लेथच्या स्लाइड ५५ अंशाच्या असतात. तिथे कंसातली बेरीज २.७३२ नसून २.९२१ असते. ४५ अंशाला ती ३.४१४. जुन्या मशीनचं काम असेल तर आधी बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून बघा, मगच सूत्र उघडा.

बेव्हल प्रोट्रॅक्टर ५५ आणि ६० मधला फरक दाखवतो, पण काही मिनिटांचा फरक लहानशा तिरप्या बाजूवर तो खात्रीने दाखवेलच असं नाही. त्यासाठी रोलरचीच दुसरी जोडी वापरायची. एकाच जागी दोन वेगळ्या व्यासांच्या जोड्या लावून M घेतला की S दोन्हीकडे सारखाच असल्याने वजाबाकीत उडून जातो:

```
cot(α/2) = (M2 − M1) / (D2 − D1) − 1
```

आपल्या जॉबवर, फिनिश कट बाकी असताना, ६.००८ च्या पिनांवर ६२.८८ आणि १०.०१० च्या पिनांवर ७३.८१ मिळालं. मापांतला फरक १०.९३, व्यासांतला फरक ४.००२. भागाकार २.७३११, त्यातून १ वजा केला की १.७३११. ६० अंशाला हा आकडा १.७३२१ यायला हवा. म्हणजे कोन दीड-दोन मिनिटांनी मोठा आहे. हे चालेल.

याच ठिकाणी फरक १०.९० आला असता तर कोन ६० अंश १४ मिनिटं निघाला असता, आणि ८ च्या रोलरने काढलेली रुंदी जवळजवळ ७ शतांश मिलिमीटरने चुकली असती.

या पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्या. ६ आणि १० च्या जोड्यांत मापांच्या फरकात ०.०१ ची चूक झाली तर कोन चार मिनिटांनी बदलतो. ८ आणि १० वापरल्या तर आठ मिनिटांहून जास्त. म्हणून दोन जोड्यांच्या व्यासात जमेल तेवढं अंतर ठेवा, आणि प्रत्येक माप दोनदा घ्या.

कोन थोडा चुकलेला सापडला तर काय? फिमेल भाग त्याच कटरने, त्याच सेटिंगवर कापणार असाल तर दोन्ही बाजू एकमेकींना जुळतील. फक्त सूत्रात ६० न घालता निघालेला खरा कोन घाला. पण मेल भाग दुसरीकडे बनलेल्या फिमेलमध्ये बसवायचा असेल तर कटर बदलल्याशिवाय इलाज नाही. स्क्रेपिंगने एवढा कोन भरून काढण्यात दिवस जातो.

## ५. जॉब मापासाठी तयार करा

जॉब मशीनवरून काढू नका. क्लॅम्प सोडून मोजला आणि पुन्हा बांधला तर फिनिश कट आधीच्या कटाशी समांतर जाईल याची खात्री उरत नाही. रोलरच्या पद्धतीचा मोठा फायदाच हा आहे की माप टेबलावर घेता येतं.

कटरने सोडलेला बर बैठकीच्या कडेवर आणि माथ्याच्या धारेवर असतो. बारीक ऑइल स्टोन हलक्या हाताने फिरवून तो काढा. फाईल वापरू नका, ती बैठकीलाच खाते. मग कोपऱ्यातला चिप्स ब्रशने ओढून बाहेर काढा. हवा मारली तर कास्ट आयर्नची भुकटी उडून पुन्हा तिथेच येऊन बसते.

पुसायला बहुतेक जण कॉटन वेस्ट उचलतात. कपाशीच्या पट्ट्यात ती फुकट मिळते, म्हणून सवयही तीच. पण तिचा एखादा तंतू रोलरखाली राहतो. तिरप्या बाजूवर रोलरमागे २० मायक्रॉनचा कण अडकला तर रोलर त्या बाजूला २३ मायक्रॉन बाहेर सरकतो, आणि तेवढं माप वाढतं. शेवटची पुसणी जुन्या, बऱ्याचदा धुतलेल्या धोतराच्या किंवा साडीच्या तुकड्याने करा आणि नंतर कोरडं बोट फिरवा. कण डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागतो.

आता उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी कापलेला जॉब हाताला चांगला गरम लागतो, आणि मायक्रोमीटर कूलरसमोरच्या टेबलावर ठेवलेला असतो. दोन्हींत १५ अंशांचा फरक असेल तर ६८ मिमीच्या मापात एक शतांशापेक्षा थोडी जास्त चूक येते. उपाय सोपा आहे: मायक्रोमीटर आणि पिना जॉबशेजारी, सावलीत, मशीनच्या टेबलावर अर्धा तास ठेवा. सगळ्या वस्तू सारख्याच गरम असतील तर कास्ट आयर्न आणि स्टील जवळपास सारखंच वाढतं आणि चूक नगण्य राहते. फिनिश कटाआधीचं माप सकाळी घेता आलं तर उत्तमच.

## ६. रोलर बसवा आणि माप घ्या

पिना दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवा. जागेवर राहाव्यात म्हणून टोकाला किंचित ग्रीस लावलं तरी चालतं, पण टेकण्याच्या रेषेवर नको. मायक्रोमीटरचा दाब पिनेला आत ढकलतो. तिरपी बाजू पुढे झुकलेली असल्यामुळे ती पिनेला खाली बैठकीवर दाबते, म्हणजे पिन आपोआप बसते. ती खरंच बसली का हे बघायला सगळ्यात पातळ फीलर बैठक आणि पिन यांच्यामध्ये सरकवून बघा. तो कुठेही आत जाता कामा नये.

५०–७५ चा मायक्रोमीटर घ्या आणि ५० च्या स्टँडर्ड रॉडवर शून्य तपासा. आता पकडण्याची गोष्ट. तीही बरेच जण चुकवतात.

मायक्रोमीटर स्लाइडच्या लांबीच्या दिशेने तिरका झाला तर त्याचे सपाट चेहरे पिनांना कडेने टेकतात आणि माप जास्त येतं. म्हणून त्या दिशेने हलकेच हलवत सर्वात कमी माप शोधायचं.

पण तोच मायक्रोमीटर वर-खाली तिरका झाला, म्हणजे एक टोक उचललं गेलं, तर माप कमी येतं. आपल्या जॉबमध्ये दोन अंशांच्या तिरकेपणाने ३७ मायक्रॉन कमी दिसतात. म्हणून त्या दिशेने सर्वात जास्त माप हेच खरं. दोन्ही दिशांना कमीत कमी शोधत बसणारा माणूस प्रत्येक वेळी कमी माप घेतो आणि जॉब जाड ठेवतो. डोळा मायक्रोमीटरच्या उंचीवर आणा आणि स्पिंडल बैठकीला समांतर दिसतोय ना, ते बघा. अॅन्व्हिलची खालची कड बैठकीला घासता कामा नये.

थिंबल हाताने आवळू नका, रॅचेटचे दोन-तीन क्लिक पुरे.

माप तीन ठिकाणी घ्या: दोन्ही टोकांपासून साधारण २५ मिमी आत, आणि मधोमध. प्रत्येक ठिकाणी पिना उचलून, पुसून, पुन्हा ठेवून दुसऱ्यांदा. दोन वाचनांत ०.०१ पेक्षा जास्त फरक आला तर रुंदीचा विचार सोडा, आधी कचरा किंवा बर शोधा.

## ७. मापावरून कट ठरवा

इथे कामाचा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी बैठक, म्हणजे उंची, दोन्ही बाजूंनी फिनिश करा. मग एक तिरपी बाजू फिनिश करून डायल इंडिकेटरने टेबलाच्या चालीशी समांतर आहे का ते बघा. ही झाली संदर्भाची बाजू, तिला पुन्हा हात लावायचा नाही. यापुढचं सगळं मटेरियल दुसऱ्या तिरप्या बाजूवरून काढायचं.

हा क्रम का? तिरप्या बाजूवर टेबल आडवं ०.१० सरकवून कट घेतला की M बरोबर ०.१० ने कमी होतो. हिशेब सरळ आहे. पण रुंदी साधल्यावर कोणी दोन्ही बैठका आणखी ०.१० खाली नेल्या तर पिनाही खाली उतरतात आणि आत सरकतात, आणि M ०.११५ ने कमी होतो. तिरप्या बाजूला हात न लावता रुंदी गेली, हे कोडं मग सुटत नाही.

आपल्या जॉबवर ८.०१० च्या पिनांनी तीन ठिकाणी ६८.३५, ६८.३५ आणि ६८.३६ आलं. लक्ष्य ६८.०३, म्हणजे साधारण ०.३२ जास्त. सगळं एका कटात काढायचं नाही. ०.२५ काढा आणि पुन्हा मोजा. यायला हवं ६८.१० च्या आसपास.

समजा आलं ६८.१०, ६८.०८ आणि ६८.०६. सरासरी बरोबर आहे, पण एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत ०.०४ चा उतार पडला. आधी तो नव्हता, म्हणजे तो या कटातच आला. अशा वेळी पुढचा कट लगेच घेऊ नका. डायल संदर्भाच्या बाजूवर फिरवा. ती अजून समांतर असेल तर जॉब हललेला नाही, आणि दोष कट घेताना सैल राहिलेल्या टेबलाच्या लॉकमध्ये किंवा बोथट कटरच्या दाबात आहे. तीही तिरकी दाखवत असेल तर जॉब क्लॅम्पमध्ये सरकला. मग तो पुन्हा डायलवर आणल्याशिवाय कटर चालवायचा नाही.

या उदाहरणात संदर्भ बाजू ठीक निघाली. आडव्या चालीचा लॉक नीट आवळून, ताज्या धारेच्या कटरने ०.०५ काढलं. जिथे जास्त होतं तिथे कटर जास्त लागला आणि तिन्ही ठिकाणी माप ६८.०३ वर आलं. उलटा हिशेब:

```
S = ६८.०३ − २१.८८४ = ४६.१४६
```

लक्ष्य ४६.१४४ होतं. ०.०१ च्या मायक्रोमीटरवर याहून जवळ जाण्याचा दावा करण्यात अर्थ नाही.

आता हाच जॉब पिन ८.००० समजून मोजला असता तर? वजा करायचे २१.८५६, म्हणजे S निघाला असता ४६.१७४. कारागिराला वाटलं असतं की तीन शतांश अजून जास्त आहेत, आणि त्याने आणखी एक कट मारला असता. स्लाइड तिथेच सैल झाली असती, आणि मायक्रोमीटर, कटर, हात, सगळं निर्दोष असताना.

एक सोय: जुना, चांगला चालणारा मेल भाग हातात असेल आणि नवा फक्त त्याच्यासारखा करायचा असेल, तर हा सगळा हिशेब लागत नाही. त्याच पिना जुन्यावर लावून M घ्या आणि नवा त्याच M वर आणा. पिनेच्या व्यासातली चूक दोन्हीकडे सारखी असल्याने उडून जाते. अट एकच, दोन्हींचा कोन सारखा हवा. आणि जुना भाग मधोमध झिजलेला असतो, म्हणून त्याचं माप टोकाजवळ, जिथे स्लाइड क्वचित पोचते तिथे घ्या.

## ८. फिमेल भागात काय बदलतं

फिमेलमध्ये पिना आतल्या तळाच्या कोपऱ्यांत बसतात आणि माप दोन पिनांच्या मधलं घ्यायचं असतं. सूत्रात बेरजेची वजाबाकी होते. इथे W ही तळाची, म्हणजे रुंद जागेची रुंदी:

```
M = W − D × (1 + cot(α/2))
```

मधलं अंतर स्लिप गेजने घेतलं तर उत्तम. नसतील तर टेलिस्कोपिक गेज चालतो. तो दोन पिनांच्या मध्ये वर-खाली आणि पुढे-मागे हलवायचा. इथे मात्र दोन्ही दिशांना सर्वात कमी अंतर हेच खरं, म्हणजे मेल भागाची सवय इथे बदलावी लागते. टेलिस्कोपिक गेज हाताच्या जाणिवेवर चालतो, म्हणून प्रत्येक जागी तीनदा मोजा.

बसवताना जुळायची असते ती फिमेलच्या तोंडाची रुंदी, कारण फिमेलचं तोंड मेलच्या बैठकीवर येतं. ती तळाच्या रुंदीतून काढताना फिमेलची खोली वापरावी लागते, म्हणून खोली डेप्थ मायक्रोमीटरने नीट मोजलेली हवी. खोलीतली ०.०५ ची चूक तोंडाच्या रुंदीत जवळजवळ ०.०६ होऊन येते. मेलच्या माथ्यावर मोकळीक राहावी म्हणून फिमेल थोडी खोल कापलेली असते. अशा वेळी ड्रॉइंगवरचे १२ मिमी न घेता प्रत्यक्ष मोजलेली खोलीच सूत्रात घाला.

गिबसाठी जागा सोडताना एक चूक ठरलेली आहे. ५ मिमी जाडीची गिब पट्टी तिरप्या बाजूला चिकटून बसते, त्यामुळे ती आडवी ५ मिमी जागा घेत नाही. जाडीला sin ६०° ने, म्हणजे ०.८६६ ने भागायचं. उत्तर येतं ५.७७. फक्त ५ मिमी जागा सोडली तर पट्टी आत जाणारच नाही, आणि मग ती ग्राइंड करून पातळ केली जाते. पातळ पट्टी स्क्रूच्या जागी वाकते आणि स्लाइड तेवढ्याच ठिकाणी घट्ट धरते.

दोन्ही भागांची मापं जुळली की गिब न घालता, मेलच्या संदर्भ बाजूला ब्लू लावून फिमेल एकदा आरपार फिरवा. ठसे तिरप्या बाजूच्या पूर्ण उंचीवर, लांबीभर विखुरलेले दिसले तर कोन आणि समांतरपणा दोन्ही ठीक आहेत. ठसे फक्त माथ्याच्या कडेला किंवा फक्त कोपऱ्याजवळ आले तर रुंदी बरोबर असूनही कोन जुळलेला नाही. तेव्हा टप्पा ४ मधली दोन जोड्यांची तपासणी दोन्ही भागांवर वेगवेगळी करून कुठल्या भागाचा कोन चुकला ते काढा, आणि स्क्रेपर त्याच भागावर चालवा.